मॉड्युलर किचनचा आराखडा: दारं बंद ठेवून नाही, उघडी ठेवून काढा

सॉफ्टवेअरमध्ये काढलेलं किचन पडद्यावर नेहमीच छान बसतं. डबे एकमेकांना चिकटतात, ओटा सरळ दिसतो, थ्रीडी चित्रही देखणं येतं. अडचण कळते ती फिटिंगच्या दिवशी, पहिला ड्रॉवर ओढल्यावर: तो शेजारच्या हँडलला अडतो, फ्रिजचं दार खोलीच्या दारावर येतं, खिडकीचं तावदान नळाला लागतं. त्या चित्रात सगळी दारं बंद असतात आणि किचन वापरताना त्यातलं एक ना एक उघडं असतं.

म्हणून या लेखात एकच खोली घेऊन शेवटपर्यंत नेणार आहे, आणि प्रत्येक डब्यासोबत त्याची उघडी जागाही काढणार आहे. मी Sweet Home 3D वापरतो, कारण ते मोफत आहे आणि त्यात प्रत्येक वस्तूचं माप आणि जागा आकड्यांत टाकता येते. दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर असलं तरी क्रम हाच राहील. सगळी मापं सेंटिमीटरमध्ये आहेत.

खोली आणि पहिली फसगत

आपली खोली आतून ३०० बाय २१०. वरच्या ३०० च्या भिंतीला 'अ' म्हणू. डावीकडची २१० ची भिंत 'ब', 'अ'च्या समोरची 'क' आणि उजवीकडची 'ड'. 'अ'मध्ये १०० रुंदीची खिडकी आहे, डाव्या कोपऱ्यापासून ९५ ते १९५ पर्यंत, आणि तिचा उंबरा जमिनीपासून १०५ वर. 'ड'मध्ये ९० चा दरवाजा, 'अ'पासून ११५ ते २०५ पर्यंत. तो बाहेरच्या बाजूला उघडतो. ओटा 'अ' आणि 'ब'ला लागून एल आकारात हवा, आणि 'क'ला एक उथळ साठवणीचं युनिट.

प्रत्येक भिंत तीन उंचींवर मोजा: जमिनीजवळ, ओट्याच्या उंचीला आणि डोक्याच्या वर. तीन आकडे वेगळे आले तर सर्वांत लहान धरा. दोन्ही कर्णही मोजा. ते सारखे नसतील तर कोपरे गुण्यात नाहीत. गुण्यात नसलेली भिंत डबे आपल्यापुरती सरळ करून देत नाहीत, त्यामुळे ही तफावत कुठे जिरवायची ते आधीच ठरवावं लागतं. त्याकडे पुढे येऊच.

आता भिंती. `Plan > Create walls` घेऊन ३०० लांबीची भिंत काढली की काम झालं असं वाटतं. पण Sweet Home 3D भिंतीची रेघ तिच्या जाडीच्या मधोमध धरतं. भिंती १५ जाडीच्या असतील तर ३०० ची रेघ काढून आतली खोली २८५ च उरते. पडद्यावर हे डोळ्यांना कळत नाही आणि मग सगळे डबे १५ ने कमी पडतात. त्यामुळे भिंती ढोबळ काढा, मग एकेक निवडून `Plan > Modify walls...` मध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा बिंदू आकड्यांनी टाका. आतला कोपरा ०,० वर हवा असेल तर 'अ' भिंत अशी येते:

```
Start point  X: -7.5   Y: -7.5
End point    X: 307.5  Y: -7.5
```

रेघ ३१५ ची, आतलं माप ३००. खात्रीसाठी `Plan > Create dimensions` ने आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत माप घ्या. ३०० आणि २१० दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

कोपऱ्यापासून सुरुवात

बहुतेक जण सिंकपासून सुरू करतात, कारण ते खिडकीखाली हवं असतं. मग उरलेली जागा कोपऱ्याकडे ढकलली जाते. एल आकाराच्या ओट्यात मी याच्या उलट जातो. कोपरा हा दोन ओळींच्या भेटीचा बिंदू आहे आणि तिथे पाच सेंटिमीटर चुकले तर दोन्ही ओळी चुकतात.

बेस युनिटचा सांगाडा, म्हणजे कारकस, आपण ५६ खोल धरू. पुढचं शटर २. म्हणजे भिंतीपासून डब्याचा दर्शनी भाग ५८ वर येतो. ओट्याचा दगड ६० ठेवला की तो शटरच्या पुढे २ येतो आणि सांडलेलं पाणी शटरवर उतरत नाही.

आता 'ब'च्या ओळीतला कोपऱ्यालगतचा पहिला ड्रॉवर बघा. तो 'अ'च्या शटरच्या रेषेला, म्हणजे ५८ ला, घासूनच सुरू केला तर चित्रात सुंदर दिसतो. पण 'अ'च्या शटरवर हँडल आहे आणि ते साधारण साडेतीन पुढे येतं. ड्रॉवर ओढला की त्याच्या बाजूची कड थेट त्या हँडलवर जाते. माझ्या सुरुवातीच्या एका आराखड्यात नेमकं हेच झालं होतं. ड्रॉवर बोटभर उघडून थांबला. शेवटी तिथली सगळी हँडल काढून खाचेची शटरं करून घ्यावी लागली.

उपाय साधा आहे. कोपऱ्यात दोन्ही बाजूंना ५ चा फिलर, म्हणजे शटरच्याच रंगाची एक बंद पट्टी. 'ब'चा ड्रॉवर मग ५८ ऐवजी ६३ वर सुरू होतो. 'अ'चं हँडल ६१.५ पर्यंत येतं, तेव्हा दीड सेंटिमीटर मोकळं राहतं. हँडल जाड असेल तर फिलरही तेवढा वाढवा. हँडल कोणतं हे आराखड्याच्या वेळीच ठरवायचं, नंतर नाही.

कोपऱ्याचा डबा आपण 'अ'च्या ओळीत घेऊ, १०५ रुंदीचा ब्लाइंड कॉर्नर. त्यातले पहिले ५८ 'ब'च्या ओळीमागे लपतात, पुढचे ५ फिलरचे, आणि ६३ ते १०५ एवढं ४२ चं शटर दिसतं. आतल्या अंधाऱ्या भागासाठी बाहेर येणारं रॅक बसवायचं असेल तर त्याच्या माहितीपत्रकात शटरची किमान रुंदी दिलेली असते. ती ४२ पेक्षा जास्त असेल तर पुढची सगळी मापं सरकतील, म्हणून ते पत्रक आताच बघा.

दोन ओळी

'अ'ची ओळ आता अशी भरते: ० ते १०५ कोपरा, १०५ ते १८५ सिंकचा ८० चा डबा, १८५ ते २३० तीन ड्रॉवरचा ४५ चा डबा, आणि २३० ते ३०० फ्रिजसाठी ७०. 'ब'ची ओळ: ६३ पर्यंत कोपरा आणि फिलर, ६३ ते ११३ ड्रॉवर ५०, ११३ ते १७३ शेगडीखालचा ६० चा डबा, १७३ ते २०३ बाटल्यांचं ३० चं पुलआउट, आणि शेवटी २०३ ते २१० असा ७ चा फिलर.

भिंत गुण्यात नसण्याची तफावत जिरते ती या शेवटच्या ७ मध्ये. सुतार ही पट्टी भिंतीच्या उतारानुसार कापून बसवतो. 'अ'च्या ओळीत तेच काम फ्रिजभोवतीची मोकळी जागा करते. दोन्ही ओळींच्या एका टोकाला अशी ताणता-आवळता येणारी जागा नसेल तर आराखडा कागदावर बरोबर असूनही प्रत्यक्षात बसत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये मी कॅटलॉगमधली तयार किचन कॅबिनेट या टप्प्यावर घेत नाही. त्यांची मापं त्यांची असतात आणि ओढून मोठी केली की हँडल-नळ सगळंच ताणलं जातं. त्याऐवजी Miscellaneous गटातला साधा Box घेतो आणि `Furniture > Modify...` मध्ये मापं टाकतो. `Keep proportions` ची खूण काढलेली असू द्या, नाहीतर रुंदी बदलताच उंची आणि खोलीही बदलते. सिंकचा डबा असा:

```
Name: Sink 80
X: 145   Y: 29   Elevation: 10
Width: 80   Depth: 58   Height: 72
```

इथे X आणि Y हे डब्याच्या मध्याचे आहेत, कडेचे नाहीत. १०५ ते १८५ चा मध्य १४५, आणि ५८ चा निम्मा २९. पहिला डबा ठेवल्यावर त्याच्या कडा पट्टीवर १०५ आणि १८५ ला येतात का ते पाहा, मग बाकीचे टाका. `Elevation: 10` म्हणजे खाली १० ची स्कर्टिंग. 'ब'च्या ओळीत डबा फिरवायचीही गरज नाही. रुंदीच्या जागी ५८ आणि खोलीच्या जागी डब्याची रुंदी टाकली की पुरे.

१० स्कर्टिंग, ७२ कारकस आणि ४ दगड मिळून ओटा ८६ वर येतो. उंची ठरवताना घरात सर्वांत जास्त स्वयंपाक करणाऱ्याला उभं करा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि कोपरापासून जमिनीपर्यंत मोजा. ओटा त्याच्या १० ते १५ खाली हवा. फरक पडला तर तो स्कर्टिंगमध्ये करा. कारकसची उंची बदलली की ड्रॉवर आणि शटर सगळीच मापं बदलतात.

सिंकचं भांडं ५० रुंद घेतलं आहे आणि डब्यात ते मधोमध न ठेवता डावीकडे सरकवलं आहे: डावीकडे ५, उजवीकडे २५. त्यामुळे उजवीकडे फ्रिजपर्यंत ७० मोकळा ओटा मिळतो आणि डावीकडे कोपऱ्याच्या वळणापर्यंत ५०. अमेरिकेतील नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत सिंकच्या एका बाजूला २४ इंच आणि दुसऱ्या बाजूला १८ इंच जागा सुचवलेली आहे, म्हणजे सुमारे ६१ आणि ४६. भांडं मधोमध असतं तर आपण उजवीकडे कमी पडलो असतो. डबा तोच, फक्त भांडं सरकवून काम झालं.

उघडी दारं काढणं

प्रत्येक डब्यासमोर आणखी एक Box ठेवा, १ उंचीचा, जमिनीवर, वेगळ्या रंगाचा. ही त्या डब्याची उघडी जागा. ड्रॉवर आणि पुलआउटसाठी ५० खोल, शटरसाठी शटरच्या रुंदीइतका. नावापुढे `OPEN` लिहा, म्हणजे यादीत ते चटकन सापडतील आणि नको तेव्हा `Visible` ची खूण काढून सगळे लपवता येतील. सॉफ्टवेअर स्वतःहून कुठलाही इशारा देत नाही. रंगीत तुकडे एकमेकांवर चढलेले तुम्हालाच बघायचे असतात.

आपल्या खोलीत हे केल्यावर दोन गोष्टी लगेच दिसल्या.

'क' भिंतीचं साठवणीचं युनिट आधी ४५ खोल हवं होतं. शटर धरून ४७. २१० मधून ओट्याचे ६० आणि हे ४७ वजा केले की मधली वाट १०३ उरते. एकटा माणूस काम करत असेल तर त्याच असोसिएशनच्या सूचनांनुसार दोन्ही बाजूंच्या मधली जागा ४२ इंच, म्हणजे १०७ हवी, आणि दोघं असतील तर ४८ इंच, म्हणजे १२२. युनिट ३५ खोल केलं, शटर धरून ३७. आता वाट ११३. एकाला ती बरी आहे, दोघांना अपुरी, आणि या खोलीत दोघांसाठी जागा काढायची तर 'क'चं युनिटच सोडावं लागेल. घरच्यांना हे आकड्यासह आधीच सांगून टाकावं. ड्रॉवर ५० बाहेर आल्यावर ११३ मधले ६३ उरतात. तेवढ्यात माणूस वाकून ड्रॉवरमधली वस्तू काढू शकतो. पण ही वाट आणखी दहाने आवळली तर त्याची पाठ मागच्या शटरला टेकेल.

दुसरी गोष्ट मला चित्र रंगवल्याशिवाय सुचली नसती. 'क'चं युनिट मी आधी १०० ते २२० असं १२० रुंदीचं ठेवलं होतं. 'ब'च्या टोकाचं बाटल्यांचं पुलआउट ५० बाहेर आलं की त्याची पुढची कड ५८ अधिक ५०, म्हणजे १०८ वर पोहोचते. दोन्ही ओळी एकमेकींना काटकोनात आहेत, म्हणून बंद चित्रात त्यांचा काही संबंध दिसत नव्हता. उघड्या चित्रात मात्र पुलआउट थेट युनिटच्या बाजूत घुसत होतं. युनिट १३० ते २२० असं ९० चं केलं. आता मध्ये २२ राहतात.

हेच युनिट उजवीकडे वाढवून भरपाई करायचा मोह होतो. तो टाळा. तिथे समोर फ्रिज आहे, आणि फ्रिज ओट्यापेक्षा नेहमीच पुढे येतो.

फ्रिजला लागणारी खरी जागा

आपला फ्रिज ६० रुंद आणि ६५ खोल. मागे हवेसाठी ५ सोडले की त्याचं तोंड ७० वर येतं, ओट्याच्या १० पुढे. मागे, बाजूला आणि वर किती जागा सोडायची हे प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. माझे ५ हे या उदाहरणापुरतेच समजा.

बिजागरी कुठल्या बाजूला? डावीकडे असेल तर उघडं दार ओट्यासमोर येतं, आणि बाहेर काढलेलं भांडं टेकवायला दाराला वळसा घालावा लागतो. म्हणून बिजागरी उजवीकडे, भिंतीच्या बाजूला. मग डावीकडचा ४५ चा ओटा हाताशी राहतो. पण भिंतीला चिकटलेलं दार जेमतेम ९० अंश उघडतं, आणि बऱ्याच फ्रिजमध्ये आतले कप्पे बाहेर काढायला दार त्याहून जास्त उघडावं लागतं. म्हणून ७० च्या गाळ्यात फ्रिज मधोमध न ठेवता डावीकडे २ आणि उजवीकडे ८ सोडले.

उघडं दार ७० पासून १३० पर्यंत येतं आणि खोलीचा दरवाजा ११५ वर सुरू होतो. म्हणजे फ्रिज उघडा असताना दरवाजाचे १५ अडतात, ७५ मोकळे राहतात. ही तडजोड मी मान्य केली, कारण फ्रिज क्षणभरच उघडा असतो. खोलीचा दरवाजा आत उघडणारा असता तर केली नसती, कारण दोन दारं एकमेकांवर आपटली असती.

या टप्प्यावर सिंक, शेगडी आणि फ्रिज यांच्या समोरच्या मध्यबिंदूंना जोडून अंतरं घ्या. आपल्याकडे सिंक ते शेगडी सुमारे ११२, सिंक ते फ्रिज १२७ आणि शेगडी ते फ्रिज २१५ येतं. बेरीज ४५४, म्हणजे २६ फुटांच्या नेहमीच्या मर्यादेच्या बरीच आत. एकच बाजू, ११२ ची, प्रचलित किमान ४ फुटांपेक्षा दहाने कमी आहे. ती मी वाढवली नाही. ही किमान मर्यादा असते ती दोन जागांमध्ये चिरायला-निवडायला ओटा उरावा म्हणून, आणि इथे कोपऱ्याभोवती तो उरतोच. शिवाय शेगडी आणखी सरकवली असती तर तिच्या पलीकडची जागा गेली असती. शेगडीच्या एका बाजूला किमान ३८ आणि दुसरीकडे ३० हवेत. आपल्याकडे कोपऱ्याच्या बाजूला ५३ आणि टोकाला ३७ आहेत. गरम भांडं उतरवून ठेवायला हे लागतात, आणि त्रिकोण नीटनेटका दिसण्यापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

वॉल युनिट

वॉल युनिटचं कारकस ३५ खोल आणि ७२ उंच. त्यांचा तळ जमिनीपासून १४० वर, म्हणजे ओट्यापासून ५४ मोकळे. सॉफ्टवेअरमध्ये `Elevation: 140` टाकायचं. हे विसरलं तर युनिट जमिनीवर पडतं आणि वरून पाहताना ते लक्षातच येत नाही. त्यामुळे इथून पुढे थ्रीडी खिडकी उघडी ठेवूनच काम करा.

'ब' भिंतीवर कोपऱ्यापासून ३ चा फिलर, ५० आणि ६० ची दोन युनिटं, मग ११३ ते १७३ चिमणी, आणि पलीकडे ३० चं युनिट. बेस आणि वॉलच्या उभ्या रेषा ११३ आणि १७३ ला जुळल्या की चिमणी आपोआप शेगडीच्या बरोबर वर येते. चिमणीचा तळ मी शेगडीपासून सुमारे ७० वर धरतो, पण अंतिम आकडा शेगडी आणि चिमणी या दोन्हींच्या पुस्तिका बघूनच. दोन्हींत वेगळे आकडे असतील तर जास्त असलेला घ्या.

'अ' भिंतीवर खिडकी आहे आणि तिची दोन तावदानं ५० ची, आत उघडणारी. डावं तावदान पूर्ण उघडलं की ४५ पर्यंत येतं. 'ब'च्या वॉल युनिटचं तोंड ३७ वर आहे, त्यामुळे ८ राहतात आणि ते सुटतं. उजवीकडे १९५ ते २३० मध्ये ३५ चं छोटं युनिट बसवायचं मनात होतं. ते बसतं, पण मग उजवं तावदान काटकोनाच्या पुढे जात नाही. तिथे काहीच लावलं नाही.

आणि नळ. ओटा ८६ वर, खिडकीचा उंबरा १०५ वर, चौकट धरून तावदानाची खालची कड ११० वर. म्हणजे ओट्यापासून २४ वर तावदान फिरतं. आवडलेला उंच मानेचा नळ ३० चा होता. आराखड्यात वरून पाहिलं तर नळ आणि खिडकी वेगवेगळ्या जागी दिसतात. थ्रीडीत ३० उंचीचा एक बारीक Box नळाच्या जागी उभा केला, तावदानाच्या जागी पातळ Box काटकोनात ठेवला आणि बाजूने पाहिलं, तर एक दुसऱ्यातून आरपार जात होता. नळ २० उंचीचा निवडला. खिडकी सरकती करणं हाही पर्याय होता, पण त्यात चौकट बदलावी लागली असती.

कारखान्याला काय द्यायचं

थ्रीडी चित्र पाठवू नका, किंवा पाठवलंच तर मापांसाठी नाही. प्रत्येक भिंतीचा वेगळा समोरचा उभा छेद द्या: त्यावर डब्यांची रुंदी क्रमाने, प्रत्येक फिलर स्वतःच्या आकड्यासह, आणि शेवटी भिंतीचं एकूण माप. 'ब'साठी ती बेरीज ५८ + ५ + ५० + ६० + ३० + ७ = २१० अशी यायला हवी. फिलर वेगळे न लिहिता नुसते डबे लिहिले तर कारखान्यात कुणीतरी ते १२ सेंटिमीटर "वाया जातायत" म्हणून शेजारच्या ड्रॉवरमध्ये घालतो, आणि कोपऱ्यातलं हँडल पुन्हा अडतं. फिलरसमोर कारणही लिहा: "हँडलसाठी", "भिंतीच्या उतारासाठी".

नळ, सांडपाण्याचा पाइप आणि वीज-बिंदू यांच्या जागा त्याच छेदावर भिंतीच्या कोपऱ्यापासून आणि जमिनीपासून अशा दोन आकड्यांत द्या. सांडपाण्याचा पाइप १०५ ते १८५ च्या बाहेर निघत असेल तर तो शेजारच्या ड्रॉवरच्या पाठीत येतो आणि ड्रॉवर पूर्ण आत जात नाही. तसं असेल तर पाइप हलवा. तो हलत नसेल तर ड्रॉवरची खोली कमी करून घ्या आणि तो आकडाही छेदावर लिहा.